दिवाळीत विक्री जोरात, मग गल्ला रिकामा कसा? उधारीवरच्या दुकानाचा हिशेब दोन पद्धतींनी

कोपरखैरण्यात माझ्या ओळखीचे एक किराणा दुकानदार आहेत. त्यांना इथे नुसतं काका म्हणू. गिऱ्हाईक बहुतेक आसपासच्या घरांतलं. महिनाभर वहीवर माल न्यायचा आणि पगार झाला की बाकी चुकवायची, असा जुना रिवाज. शिवाय महापे एमआयडीसीत काम करणाऱ्या मुलांना डबे पुरवणाऱ्या दोन-तीन मेस आहेत, त्यांचंही खातं याच दुकानात. माल येतो वाशीच्या दाणा मार्केट आणि मसाला मार्केटमधून. काही रोखीने, काही पंधरा दिवसांच्या उधारीवर.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या भाऊबीजेला आठवडा उलटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. काका वैतागले होते. "भाऊ, अख्ख्या वर्षात एवढा धंदा झाला नाही. पोरगा आणि मी, दोघांना जेवायला फुरसत नव्हती. आणि गल्ल्यात आज सात हजार! कुठे गेले पैसे?" कुणी हात तर मारला नाही ना, अशी शंकाही त्यांच्या मनात येऊन गेली होती.

महिन्याभराने पुन्हा गेलो तर गाडी उलट्या दिशेला. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान सुनं, आणि काका मात्र खुशीत, कारण बँकेत आणि गल्ल्यात मिळून साठ हजारांच्या वर शिल्लक होती. नवा डीप फ्रीजर घ्यायचा बेत चालला होता.

दोन्ही वेळा त्यांचा अंदाज चुकला, कारण ते नफा गल्ल्यावरून मोजत होते. हीच रोख पद्धत. दुसरी पद्धत उपार्जित. टॅलीवर बसणारे आणि कर सल्लागार तिला 'मर्कंटाइल' म्हणतात. काकांचेच दोन महिने दोन्ही पद्धतींनी मांडून दाखवतो. आकडे गोल केले आहेत, घडलं ते मात्र असंच.

फरक नेमका कुठे आहे

रोख पद्धतीत पैसा हातात आला की उत्पन्न आणि हातातून गेला की खर्च. उपार्जित पद्धतीत माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला की विक्री झाली, पैसे आज येवोत वा महिन्याने. खर्चाचंही तसंच. मदतनीस मुलाने ऑक्टोबरभर काम केलं, तर त्याचा पगार ऑक्टोबरचा खर्च, तो 5 नोव्हेंबरला हातात दिला तरी.

जे दुकान निव्वळ रोखीवर चालतं आणि ज्याचा साठा फार हलत नाही, तिथे दोन्ही हिशेब जवळजवळ सारखेच येतात. पाणीपुरीच्या गाडीला उपार्जित पद्धतीचा उपद्व्याप करायची गरज नाही. उधारी आली, व्यापाऱ्याचं देणं आलं, सणासाठी भरलेला माल आला, की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

पहिली पायरी: 1 तारखेची तीन माणसांना विचारायची बाकी

सुरुवात कुठल्याही महिन्याच्या 1 तारखेला करता येते, पण त्या दिवशी दुकान कुठे उभं आहे हे आधी लिहून काढावं लागतं. गिऱ्हाइकांना विचारा तुमच्याकडून किती येणं आहे, व्यापाऱ्यांना विचारा तुमचं किती देणं आहे, आणि स्वतःला विचारा फळीवर किती माल आहे. काकांचं 1 ऑक्टोबरचं उत्तर असं आलं:

| बाब | रुपये |
|---|---|
| गिऱ्हाइकांकडून येणं | 70,000 |
| वाशीच्या व्यापाऱ्यांचं देणं | 60,000 |
| दुकानातला माल, खरेदी भावाने | 2,10,000 |
| मदतनिसाचा सप्टेंबरचा पगार, द्यायचा | 12,000 |
| सप्टेंबरचं वीजबिल, भरायचं | 4,000 |
| गल्ला आणि बँक मिळून | 75,000 |

येणं काढताना काकांनी आधी "असेल साठ-सत्तर हजार" असं अंदाजे सांगितलं. तसं चालत नाही. प्रत्येक खात्याचं पान उघडायचं, बाकी लिहायची, बेरीज मारायची. त्यांची 43 खाती होती, एक संध्याकाळ गेली. व्यापाऱ्याच्या देण्यासाठी त्यांच्याकडूनच खात्याचा उतारा मागवा. तुमच्या वहीत आणि त्यांच्या उताऱ्यात फरक निघतो तो बहुधा परत पाठवलेल्या मालाचा असतो.

माल मोजताना छापील किंमत धरू नका. ज्या भावाने घेतला तो भाव. अपवाद एकच: जो माल खरेदी भावालाही आता जाणार नाही, तो जेवढ्याला जाईल तेवढ्यालाच धरायचा. पोरकिडे लागलेल्या रव्याची गोणी वहीत पूर्ण किमतीची राहिली, तर तो नफा फक्त वहीतच राहतो.

दुसरी पायरी: रोजची नोंद चार रकान्यांत

काकांची जुनी सवय अशी की दिवसभरात जे पैसे आले ते सगळे 'आजचा धंदा'. त्यात आजची रोख विक्री असायची आणि मागच्या महिन्याची आलेली उधारीही. इथूनच सगळी गडबड सुरू होते. मी त्यांना रोजकीर्दीत चार रकाने आखून दिले: रोख विक्री, उधार विक्री, उधारीची वसुली, आणि सोडून दिलेली रक्कम. स्कॅनरवर आलेले पैसे 'रोख विक्री'तच धरायचे, कारण इथे रोख म्हणजे नोटा असं नाही, त्याच वेळी मिळालेले पैसे.

एक खरा प्रसंग सांगतो, म्हणजे रकाने कशासाठी हे कळेल. 3 नोव्हेंबरला एक वहिनी आल्या. खात्यावर बाकी 4,640. त्यांनी त्या दिवशी 380 रुपयांचा माल घेतला आणि स्कॅनरवर एकदम 5,000 पाठवले. एकूण व्हायचे 5,020, पण काका म्हणाले, "राहू दे वहिनी, वरचे वीस." बँकेच्या मेसेजमध्ये दिसतात 5,000. वहीत मात्र तीन नोंदी हव्यात: रोख विक्री 380, वसुली 4,620, सोडले 20. नुसतं '5,000 जमा' लिहिलं, की वहिनींच्या खात्यावर वीस रुपये बाकी राहतात, आजची 380 ची विक्री कुठेच येत नाही, किंवा पाचही हजार विक्रीत जातात. असे वीस-वीस रुपये वर्षाअखेरीस खात्यांची बेरीज जुळू देत नाहीत. (पुढच्या आकड्यांत सोडलेल्या रकमा सोयीसाठी धरलेल्या नाहीत.)

घरात नेलेला मालही लिहा. काकूंनी दुकानातून पाच किलो तेल नेलं तर ती विक्री नाही आणि दुकानाचा खर्चही नाही. ती मालकाची उचल. खरेदी भावाने 'उचल' म्हणून लिहायची आणि तेवढी रक्कम खरेदीतून वजा करायची.

ऑक्टोबर, रोखीने

महिनाभरात जे आले आणि गेले ते असे. रोख विक्री 2,00,000. सप्टेंबरच्या उधारीतले 62,000 वसूल झाले. म्हणजे आत आले 2,62,000. बाहेर गेले ते व्यापाऱ्यांना 2,70,000, गाळ्याचं भाडं 18,000, मदतनिसाचा सप्टेंबरचा पगार 12,000, सप्टेंबरचं वीजबिल 4,000, आणि दुकानाच्या विम्याचा वर्षाचा हप्ता 6,000. एकूण 3,10,000.

रोख पद्धत सांगते: ऑक्टोबरमध्ये 48,000 रुपयांचा तोटा. आरंभीच्या 75,000 मधून हे 48,000 आणि घरखर्चाची 20,000 ची उचल वजा केली, की राहतात बरोबर 7,000. कुणीही हात मारला नव्हता.

ऑक्टोबर, उपार्जित पद्धतीने

आता तोच महिना, पण पैशांऐवजी मालाच्या आणि कामाच्या मागे जाऊन पाहू.

विक्री: रोख 2,00,000 आणि उधार 1,40,000, मिळून 3,40,000. फराळाचा रवा, बेसन, साखर, तेल बहुतेक घरांनी वहीवरच नेलं होतं.

विकलेल्या मालाची किंमत थेट कुठे लिहिलेली नसते, ती काढावी लागते. आरंभीचा माल 2,10,000, त्यात महिन्यातली सगळी खरेदी 3,20,000 (पैसे दिले असोत वा नसोत), त्यातून 31 ऑक्टोबरच्या रात्री मोजलेला माल 2,50,000 वजा. राहिले 2,80,000. एवढ्या किमतीचा माल दुकानातून बाहेर गेला.

ढोबळ नफा 60,000.

खर्चात भाडं 18,000. मदतनिसाचा ऑक्टोबरचा पगार 12,000, अजून दिलेला नसला तरी. ऑक्टोबरचं वीजबिल 4,500, जे नोव्हेंबरात भरायचं आहे. विम्याचे फक्त 500, कारण 6,000 बारा महिन्यांचे आहेत. एकूण 35,000.

निव्वळ नफा 25,000.

रोखीने 48,000 चा तोटा, उपार्जित पद्धतीने 25,000 चा नफा. दोघांत 73,000 चं अंतर आहे, आणि ते कुठे आहे हे रुपया-रुपयाने दाखवता आलं पाहिजे. नाहीतर उपार्जित पद्धत म्हणजे हवेतला नफा, असं दुकानदाराला वाटतं आणि तो वही मिटून ठेवतो.

| अंतर कुठे अडकलं | 1 ऑक्टोबर | 31 ऑक्टोबर | नफ्यावर परिणाम |
|---|---|---|---|
| गिऱ्हाइकांकडून येणं | 70,000 | 1,48,000 | +78,000 |
| दुकानातला माल | 2,10,000 | 2,50,000 | +40,000 |
| आगाऊ भरलेला विमा | 0 | 5,500 | +5,500 |
| व्यापाऱ्यांचं देणं | 60,000 | 1,10,000 | −50,000 |
| पगार आणि वीजबिल, द्यायचं | 16,000 | 16,500 | −500 |
| एकूण | | | +73,000 |

ही सारणी मी काकांना दाखवली तेव्हा त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. अठ्ठ्याहत्तर हजार लोकांच्या स्वयंपाकघरात, चाळीस हजार फळीवर. आणि या सगळ्याला हातभार कुणी लावला, तर वाशीच्या व्यापाऱ्यांनी, पन्नास हजारांचा माल जास्तीचा उधार देऊन. काकांच्या प्रश्नाचं उत्तर या पाच ओळींत आहे. माझ्या मते महिन्याच्या नफ्याच्या आकड्यापेक्षा ही सारणीच जास्त कामाची. फक्त एकच कागद करायला वेळ असेल तर हा करा.

नोव्हेंबर: गल्ला भरलेला, धंदा बसलेला

नोव्हेंबरची रोख विक्री 1,50,000, उधार विक्री 70,000. ऑक्टोबरच्या उधारीतले 1,18,000 वसूल झाले. खरेदी 1,30,000, व्यापाऱ्यांना दिले 1,60,000. भाडं 18,000, ऑक्टोबरचा पगार 12,000, ऑक्टोबरचं वीजबिल 4,500.

रोखीने: आले 2,68,000, गेले 1,94,500. म्हणजे 73,500 चा 'नफा'.

उपार्जित पद्धतीने: विक्री 2,20,000. महिनाअखेरीस मोजलेला माल 1,95,000, म्हणून विकलेल्या मालाची किंमत 1,85,000. ढोबळ नफा 35,000. खर्च 18,000 अधिक 12,000 अधिक वीज 3,500 अधिक विमा 500, एकूण 34,000. निव्वळ नफा फक्त 1,000.

डीप फ्रीजरचा बेत या 73,500 वर रचला जात होता, आणि ते पैसे मुळात दिवाळीच्या मालाचे होते, उशिरा आलेले. मी काकांना फक्त दोन ओळी लिहून दिल्या. 30 नोव्हेंबरला घरखर्चाची उचल काढून हातात शिल्लक 60,500. त्याच दिवशी द्यायचे: व्यापाऱ्यांचे 80,000, पगार 12,000, वीजबिल 3,500, मिळून 95,500. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे हे पैसे माझे नाहीतच." अगदी तसंही नाही, कारण लोकांकडून यायचे 1,00,000 अजून आहेत. पण ते आल्याशिवाय फ्रीजर घेता येत नव्हता, हे खरं.

दोन्ही महिने एकत्र केले तर रोख पद्धत 25,500 म्हणते आणि उपार्जित पद्धत 26,000. एवढं जवळ येणं थोडा योगायोग आहे, पण कल खराच. मुदत जितकी लांब तितकं अंतर आटत जातं. चूक होते ती एकेका महिन्याकडे पाहून निर्णय घेताना, आणि दुकानदार निर्णय महिन्याचेच घेतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. येत्या शुक्रवारी मसाला मार्केटच्या व्यापाऱ्याला पैसे देता येतील का, हे उपार्जित पद्धत सांगत नाही. ऑक्टोबरात 25,000 नफा असूनही काकांकडे सात हजारच होते. त्यामुळे गल्ल्याची वही बंद करायची नसते. नफा एका वहीतून पाहायचा, पैसे दुसरीतून.

चुकलं आहे हे कसं ओळखायचं

पहिली कसोटी येण्याची. आरंभीचं येणं, अधिक उधार विक्री, वजा वसुली, वजा सोडलेल्या रकमा. जे उत्तर येईल ते आणि सगळ्या खात्यांच्या पानांवरच्या बाक्यांची बेरीज एकच असली पाहिजे. नोव्हेंबरला काकांचं गणित 1,48,000 अधिक 70,000 वजा 1,18,000, म्हणजे 1,00,000. पानांची बेरीज आधी 1,02,300 आली. शोधल्यावर सापडलं की एका मेसवाल्याने पोराच्या हातात दिलेले 2,300 रोजकीर्दीत आले होते पण मेसच्या पानावर चढले नव्हते. तो मेसवाला पुढच्या वेळी भांडला असता, आणि बरोबरच भांडला असता.

दुसरी कसोटी ढोबळ नफ्याच्या टक्क्यांची. विक्रीच्या प्रमाणात काकांचा ढोबळ नफा ऑक्टोबरात साडेसतरा टक्क्यांच्या जरा वर, नोव्हेंबरात सोळाच्या आसपास. किराण्यात भाव आणि माल फारसे बदलले नाहीत, तर हा आकडा एकदम उडी मारत नाही. मारली, तर वहीत घोळ आहे.

दोन घोळ वारंवार दिसतात. एक म्हणजे वसुलीला विक्री समजणं. नोव्हेंबरात 1,18,000 चुकून विक्रीत धरले असते, तर विक्री 3,38,000 आणि ढोबळ नफा 1,53,000 दिसला असता, म्हणजे 45 टक्के. किराण्याच्या दुकानाला 45 टक्के सुटत नाहीत, हे कुणालाही कळतं. दुसरा घोळ जास्त लबाड असतो. टेम्पो 30 तारखेला माल उतरवून गेला, तुम्ही 31 ला तो मोजून साठ्यात धरला, पण व्यापाऱ्याचं बिल 4 तारखेला हातात आलं आणि पुढच्या महिन्याच्या खरेदीत गेलं. असं 30,000 चं एक बिल ऑक्टोबरात सुटलं असतं, तर नफा साठऐवजी नव्वद हजार, म्हणजे 26 टक्क्यांच्या वर दिसला असता, आणि नोव्हेंबरात तेवढाच खड्डा. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत आलेल्या मालाची चिठ्ठी वेगळी टाचून ठेवायची. माल मोजला असेल तर बिल त्याच महिन्यात, बिल नंतरचं असेल तर माल मोजायचा नाही.

कर आणि जीएसटीला काय चालतं

2025-26 या वर्षाला 1961 चाच आयकर कायदा लागू आहे. त्याचं कलम 145 धंद्यातल्या उत्पन्नासाठी रोख किंवा मर्कंटाइल, दोन्ही पद्धतींना परवानगी देतं. मात्र जी घेतली ती नियमाने चालवायची. सोयीप्रमाणे एका वर्षी ही, दुसऱ्या वर्षी ती, असं नाही. आणि दोघांची खिचडी तर नाहीच. खरेदी बिलाच्या तारखेला धरायची आणि विक्री मात्र पैसे आल्यावर, अशी वही अनेक दुकानांत सापडते, कारण तिने नफा कमी दिसतो. 1997-98 या आकारणी वर्षापासून अशी मिश्र पद्धत कायद्याने बंद आहे. खासगी कंपनी काढली असेल तर पर्यायच उरत नाही, 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे उपार्जित पद्धत सक्तीची.

काकांसारखे बरेच जण कलम 44एडी खाली अंदाजित नफ्यावर कर भरतात: उलाढालीच्या 8 टक्के, आणि बँकेतून किंवा स्कॅनरवर आलेल्या रकमेवर 6 टक्के. इथे उधारीवाल्यांसाठी एक बारकावा आहे. 31 मार्चपर्यंतची उधार विक्री उलाढालीत येतेच, पण ते पैसे विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेआधी बँकेतून आले तर त्यावर 6 टक्केच धरता येतात. मार्चची उधारी एप्रिलमध्ये नोटांनी घेण्यापेक्षा स्कॅनरवर घ्या, हा सल्ला मी दरवर्षी देतो.

जीएसटी मात्र पद्धत विचारत नाही. महाराष्ट्रात मालाच्या व्यापाऱ्याला 40 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधारणतः नोंदणी लागत नाही, आणि काका अजून त्याच्या आत आहेत. नोंदणी झाली की मालावरचा कर बिलाच्या तारखेला लागतो. दर महिन्याला विवरण भरणाऱ्याने ऑक्टोबरच्या बिलांचा कर 20 नोव्हेंबरपर्यंत भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. उधारी दीड महिना चालणाऱ्या दुकानाला सरकारचा हप्ता आधी आणि गिऱ्हाइकाचे पैसे नंतर, हे चक्र पदरी पडतं. चाळीस लाखांच्या जवळ जाणाऱ्यांनी उधारीची मुदत आधीच आवळून घ्यावी.

न आलेले 8,000

आता त्या एका लाखाकडे परत येऊ. येणं नुसतं बेरजेत पाहून भागत नाही, ते किती जुनं आहे हेही पाहायचं. 30 नोव्हेंबरचे 1,00,000 असे फुटतात: नोव्हेंबरच्या मालाचे 70,000, ऑक्टोबरच्या मालाचे 22,000, सप्टेंबरचे 8,000. पहिल्या रकमेची चिंता नाही, ती 10 तारखेपर्यंत बहुतेक येईल. बावीस हजारांच्या मागे फोन करायला हवेत. आणि आठ हजार एकाच माणसाचे आहेत, ज्याने ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेस बंद करून खोली सोडली.

रोख पद्धतीत हे 8,000 कधी दिसलेच नसते. उत्पन्नात आले नाहीत, म्हणून बुडीत म्हणून वजा करायचा प्रश्नही येत नाही. गेलेल्या मालाची किंमत मात्र खरेदीत आधीच खर्च पडलेली असते. उपार्जित पद्धतीत सप्टेंबरच्या नफ्यात ही विक्री बसली आहे, म्हणून पैसे येणार नाहीत असं ठरलं त्या दिवशी ती काढावी लागते. 'बुडीत येणी' खात्याला 8,000 नावे आणि मेसवाल्याच्या खात्याला 8,000 जमा. काकांच्या नोव्हेंबरात ही नोंद टाकली की 1,000 चा नफा 7,000 चा तोटा होतो, आणि येणं 92,000 वर येतं.

नेहमीच्या पद्धतीने कर भरणाऱ्याला कलम 36 खाली ही वजावट मिळते, अट एवढीच की रक्कम आधी उत्पन्नात धरलेली हवी आणि त्या वर्षीच्या वहीत बुडीत म्हणून खरोखर काढून टाकलेली हवी. पैसे बुडालेच हे सिद्ध करून दाखवायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं आहे. काका 44एडी खाली आहेत, त्यांना वेगळी वजावट नाही. तरी नोंद टाकायचीच, नाहीतर न येणारे पैसे वर्षानुवर्षं येण्यात मिरवत राहतात आणि बँकेत कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो.

वहीतून काढलं म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या पैशांसाठी माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो, आणि त्या मुदतीत गिऱ्हाइकाने बाकी कबूल करून सही दिली तर तीन वर्षं तिथून नव्याने मोजतात. म्हणूनच मी काकांना आता दर तीन महिन्यांनी मेसवाल्यांच्या पानाखाली 'बाकी मान्य' लिहून तारखेसह सही घ्यायला लावली आहे. घरगुती खात्यांना ते असं काही करायला तयार नाहीत. "वहिनींकडे सही मागू का मी?" म्हणाले. तिथे माझं काही चाललं नाही.

फेब्रुवारीत त्या मेसवाल्याचा फोन आला. घणसोलीत नवी मेस टाकली आहे, तीन हजार आत्ता पाठवतो, बाकीचं बघू. काकांनी मला विचारलं, हे कुठल्या रकान्यात? वसुलीत नाही, कारण त्याचं येणं वहीत आता शून्य आहे. विक्रीत नाही, कारण माल गेलेला नाही. पाचवा रकाना आखला: 'बुडीत येणीतून परत आले'. नेहमीच्या पद्धतीने आधी वजावट घेतली असती, तर हे तीन हजार आले त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून कर भरावा लागला असता. आणि नव्या मेसचा माल? तो काकांनी रोखीवर सुरू केला आहे.